आईच्या झोपेच्या डब्यांत नेमकं काय आहे?

"ताई, माझी आई ६८ वर्षांची, आमच्याकडेच कोथरूडला असते. रात्री झोप लागत नाही म्हणून दादानं अमेरिकेहून स्लीप गमी पाठवल्या. त्यांनी बरं वाटलं, पण मध्येच जाग यायची, म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी एक झोपेची पावडर ऑनलाइन मागवली. ती दुधातून देते. आता आई रात्रभर झोपते, पण सकाळी दहापर्यंत गुंगीत असते आणि परवा बाथरूमला जाताना तोल जाऊन पडली. तिला बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दोन्ही डब्यांवर 'नॅचरल' लिहिलंय, पावडरवर 'सवय लागत नाही' असंही आहे. मग हे कशामुळे? एक कमी करून दुसरं चालू ठेवू का? डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवतेय. घरात माझा पाच वर्षांचा मुलगाही आहे, त्याला त्या गमी म्हणजे चॉकलेट वाटतात. — स्वाती"

स्वातीताई,

आज रात्रीपासून दोन्ही बंद करा. त्यांत मेलाटोनिन नावाचं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं द्रव्य आहे. इतक्या थोड्या दिवसांच्या वापरानंतर ते थांबवलं तर काही बिघडत नाही. एखाद-दोन रात्री झोप उशिरा लागेल, तेवढंच. थांबवल्यावर मात्र हात थरथरणं, जीव घाबरा होणं, अजिबात डोळा न लागणं असं काही झालं, तर ते मेलाटोनिनचं लक्षण नाही. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा. याचं कारण पुढे येईलच.

पण डब्यांच्या आधी पडण्याचं बोलू. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेलं वयस्कर माणूस पडलं आणि डोक्याला मार लागला, तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकतं. सुस्ती, डोकेदुखी, बोलताना अडखळणं ही त्याची लक्षणं कधी काही दिवसांनी, तर कधी काही आठवड्यांनी दिसतात. म्हणून डोकं आपटलं असेल, किंवा आपटलं की नाही हे आईंना आठवतच नसेल, तर आजच दाखवून या. सकाळची गुंगी गमीमुळेच आहे असं घरबसल्या ठरवू नका. 'रक्त पातळ करायची गोळी' नेमकी कोणती, तेही स्ट्रिपवर बघा. आपल्याकडे अॅस्पिरिनलाही हेच म्हणतात, क्लोपिडोग्रेललाही आणि वॉरफरिनलाही. वॉरफरिन असेल तर मेलाटोनिनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तेव्हा रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी पीटी-आयएनआर तपासणी करून घ्यायची का, हे त्याच भेटीत विचारा.

आता फोटो. ते मी मोठे करून नीट वाचले. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे, फक्त ते पुढच्या बाजूला नाही.

गमीचा डबा आधी घेऊ, कारण तो वाचायला सोपा. पुढे मोठ्या अक्षरात '१० मिग्रॅ' आहे. मागच्या 'सप्लिमेंट फॅक्ट्स'च्या चौकटीत 'सर्व्हिंग साइज' दोन गमी लिहिलंय. म्हणजे एका गमीत ५ आणि दोनांत १० मिलिग्रॅम मेलाटोनिन. आई दोन घेत असणार, कारण डब्यावर तसंच सांगितलंय. ही सर्व्हिंग साइजची ओळ आधी वाचायची, आकडा नंतर. काही डब्यांवर पुढचा आकडा एका गमीचा असतो आणि काहींवर दोनांचा, आणि गिऱ्हाईक तो हमखास उलटा धरतं.

१० मिलिग्रॅम म्हणजे किती? मेलाटोनिन आपल्याच शरीरात, मेंदूतल्या पिनियल ग्रंथीत तयार होतं. ती झोपेची गोळी नव्हे, रात्र झाल्याची दवंडी आहे. रक्तात रात्री नैसर्गिकपणे जेवढं मेलाटोनिन असतं, तेवढ्यापर्यंत पोचायला साधारण ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम पुरतं. युरोपात खाद्य-पूरकाच्या डब्यावर 'झोप लवकर लागायला मदत होते' असं लिहायला परवानगी आहे, ती १ मिलिग्रॅमच्या मात्रेवर. तिथे ५५ वर्षांवरच्यांना डॉक्टर चिठ्ठीवर देतात ती सावकाश विरघळणारी गोळी २ मिलिग्रॅमची असते. ब्रिटनमध्ये तर मेलाटोनिन चिठ्ठीशिवाय मिळतच नाही. तुमच्या आईंना रोज १० मिळतंय, तेही डब्यावरचा आकडा खरा धरला तर.

तो खरा धरायचा की नाही, याचीही तपासणी झालेली आहे. २०२३ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिक 'जामा'त एक अहवाल आला. तिथे विकल्या जाणाऱ्या २५ मेलाटोनिन गमी विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासल्या, तर २२ मध्ये लिहिलेलं आणि असलेलं जुळेना. प्रत्यक्षातलं मेलाटोनिन लिहिलेल्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत होतं. एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच, गांजाच्या झाडातलं सीबीडी होतं. हे प्रमाण तुमच्या डब्याला लावलं तर दोन गमींतले '१० मिलिग्रॅम' म्हणजे ७ पासून जवळजवळ ३५ मिलिग्रॅमपर्यंत काहीही असू शकतं. तुमचाच डबा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण एका आठवड्यात ठीक आणि पुढच्या आठवड्यात गुंगी, असं होण्यामागे हे एक कारण असू शकतं.

असा फरक पडतो तो नेहमी लबाडीनेच पडतो असं नाही. गमीत ओलावा असतो, आणि ओलाव्यात, उष्णतेत मेलाटोनिन कमी होत जातं. एक्स्पायरीच्या दिवशीही लिहिलेलं प्रमाण भरावं म्हणून उत्पादक सुरुवातीला जास्त घालतात. नव्या डब्यात ते जादा मिळतं. शिवाय घट्ट होत जाणाऱ्या पाकात अगदी किंचितशी पूड सगळीकडे सारखी मिसळणंही सोपं नसतं.

आता पावडर. खरी गोम इथे आहे.

पुढच्या बाजूला मेलाटोनिन हा शब्दच नाही. अश्वगंधा, तगर, केशर, दुधाचा पेला आणि चांदणं आहे. मागे घटकांच्या यादीत 'स्लीप कॉम्प्लेक्स १५०० मिग्रॅ' आणि पुढे सहा नावं आहेत: अश्वगंधा, तगर, जटामांसी, व्हॅलेरियन, एल-थिअॅनिन, टार्ट चेरी. त्याखाली पोषणाचा तक्ता आहे. त्यात ऊर्जा, प्रथिनं, साखर यांच्या रांगेत शेवटची ओळ अशी: 'एन-असेटिल-५-मेथॉक्सिट्रिप्टामीन, ३० मिग्रॅ'. हे मेलाटोनिनच आहे, रासायनिक नावानं लिहिलेलं. काही डब्यांवर हेच 'फायटोमेलाटोनिन' किंवा 'वनस्पतिजन्य मेलाटोनिन' म्हणून येतं. झाडातून काढलं म्हणून रेणू बदलत नाही आणि परिणामही बदलत नाही. टार्ट चेरीतही मेलाटोनिन असतं. नुसत्या फळात ते नगण्य असतं, पण अर्काला 'स्टँडर्डाइज्ड' म्हटलं असेल तर कशाचं प्रमाण बांधून दिलंय ते बघायचं.

हा ३० चा आकडा आईंना एकदम मिळतोय असं नाही. तक्त्याचा मथळा 'दर १०० ग्रॅम' असा आहे. एका वेळचं प्रमाण १० ग्रॅम, एक स्कूप, हे वेगळ्या कोपऱ्यात लिहिलंय. म्हणजे हिशेब असा: १०० ग्रॅमला ३०, तर १० ग्रॅमला ३ मिलिग्रॅम. पण तुम्ही स्कूप सपाट भरता की शिगोशीग, हेही बघायला हवं. घरात मसाले मोजायचा छोटा डिजिटल काटा असेल तर वाटी ठेवून शून्य करा आणि रोजच्या सवयीनं एक स्कूप टाका. शीग लावलेला स्कूप १५ ग्रॅम भरला, तर मेलाटोनिन साडेचार झालं.

दोन्ही डब्यांची बेरीज करा. गमीचे १० आणि पावडरचे ३ ते साडेचार, म्हणजे लेबलप्रमाणेच रोज रात्री १३ ते साडेचौदा मिलिग्रॅम. मध्येच येणारी जाग घालवण्यासाठी तुम्ही दुसरं काहीतरी दिलं असं तुम्हाला वाटलं, पण त्यात पहिलंच औषध पुन्हा होतं. मेलाटोनिन रक्तातून लवकर उतरतं, साधारण तासाभरात निम्मं होतं. पण सुरुवातच इतक्या वरून झाली तर निम्मं-निम्मं होत खाली यायला पहाट उजाडते, आणि उतारवयात ते आणखी सावकाश उतरतं. सकाळी दहाच्या गुंगीचं हे एक साधं स्पष्टीकरण.

तरी हे पूर्ण स्पष्टीकरण आहे असं मला वाटत नाही, कारण त्या १५०० मिलिग्रॅमच्या 'कॉम्प्लेक्स'मध्ये प्रत्येकाचं वजन दिलेलंच नाही. तिथे थोडा अंदाज मात्र बांधता येतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे. तो कॉम्प्लेक्सच्या आतही पाळलाय असं धरलं, तर सहा घटकांत पहिली अश्वगंधा किमान २५० मिलिग्रॅम असणारच. दुसरी तगर फार तर ७५०, कारण त्याहून जास्त झाली तर ती पहिल्या नंबरावर गेली असती. पण कमीत कमी किती? ते अगदी नावापुरतंही असू शकतं. म्हणजे तगर शून्याच्या जवळपास ते ७५० यांच्यामध्ये कुठेही. इतकी मोठी फट असताना डॉक्टरांना 'आईला किती तगर जातेय' हे तुम्ही सांगूच शकत नाही, आणि या डब्याबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. चौथ्या नंबरचं व्हॅलेरियन हे तगरीचंच परदेशी भावंड, एकाच कुळातलं. जटामांसीही गुंगी आणणाऱ्यांतलीच. अशी तीन द्रव्यं एकत्र, मात्रा माहीत नाही, वर मेलाटोनिन, आणि ६८ वर्षांचं शरीर.

औषधांच्या काउंटरवर लोक मला म्हणतात, 'आयुर्वेदिकच आहे ना, मग काय होतंय?' अहो, वैद्य तगर देतात तेव्हा वजन करून देतात. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलेल्या डब्यावर वनस्पतीचं नाव, तिचा कुठला भाग आणि किती, हे लिहिलेलं असतं. तुमचा डबा त्या वर्गातला नाही. त्यावर फक्त एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आहे, म्हणजे कायद्यानं ते खाद्यपदार्थांच्या वर्गात येतं. तो क्रमांक 'FoSCoS' या सरकारी पोर्टलवर टाकून परवाना खरा आहे का हे जरूर बघा, पण त्यानं आतला माल तपासला गेला असं सिद्ध होत नाही. 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळही मागे बारीक अक्षरात आहे, तीही वाचा. अमेरिकेच्या डब्यावर तर इथला कुठलाच क्रमांक नाही. तिथेही पूरक आहार विक्रीला येण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही. दादांना सांगा, तिथे काही घ्यायचंच असेल तर डब्यावर 'USP Verified'चा शिक्का बघायचा. तो शिक्का असलेल्या मालातलं प्रमाण बाहेरच्या संस्थेनं तपासलेलं असतं.

आता लेबल वाचून कळत नाही असा भाग. हर्बल म्हणून विकलेल्या झोपेच्या गोळ्यांत न लिहिलेलं खरं औषध सापडल्याचे प्रकार झालेले आहेत. एस्टाझोलाम नावाचं, अल्प्राझोलामच्या घराण्यातलं गुंगीचं औषध सापडल्यावर कॅनडा आणि अमेरिकेच्या नियामकांनी लोकांना इशारे दिले होते. तुमच्या पावडरीत तसं आहे, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण शंका कधी घ्यायची ते सांगते.

मेलाटोनिन माणसाला झोपेकडे हळूच वळवतं, आडवं पाडत नाही. पावडर घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आईंची मान टाकली जाते का? जीभ जड होते का? रात्री उठून तुमच्याशी बोलल्या आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही, असं झालंय का? असेल, तर अल्प्राझोलामसारख्या औषधाची शंका घ्यायला जागा आहे. असं औषध एकदम थांबलं की हात थरथरतात, जीव घाबरा होतो; सुरुवातीला ती लक्षणं सांगितली ती याचसाठी. आणि तोंड सारखं कोरडं पडणं, लघवी अडखळणं, नव्यानं बद्धकोष्ठता, संध्याकाळी भ्रमिष्टासारखं बोलणं, ही दुसऱ्या प्रकारची खूण आहे. सर्दीच्या जुन्या औषधांत असतात ती डायफेनहायड्रामीन किंवा डॉक्सिलामीनसारखी द्रव्यं असं करतात, आणि म्हाताऱ्या माणसांना ती फार जड जातात. अमेरिकेत ही दोन द्रव्यं झोपेसाठी सर्रास, चिठ्ठीशिवाय मिळतात, त्यामुळे दादांनी आणखी काही पाठवलं असेल तर त्या डब्यावर ही नावं आधी शोधा.

यातलं पहिल्या प्रकारचं काही जुळलं, तर डॉक्टरांना 'युरिन ड्रग स्क्रीन' करायचं का विचारा. पुण्यातल्या मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती होते आणि त्यात बेन्झोडायझेपिन, म्हणजे अल्प्राझोलाम ज्यात येतं त्या गटाची तपासणी असते. पावडर थांबवून बरेच दिवस झाले की काही सापडेलच असं नाही, तेव्हा करायची तर लवकर. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी त्या गटातलं प्रत्येक औषध त्यात पकडलं जात नाही, हेही लक्षात असू द्या.

मात्र त्याआधी आईंना एकट्याला बसवून प्रेमानं एक गोष्ट विचारा: शेजारच्या काकूंनी किंवा भिशीतल्या कुणी 'अर्धी घेऊन बघ' म्हणून एखादी गोळी दिलीय का? आपल्याकडे हे इतकं चालतं की मी हा प्रश्न कधीच गाळत नाही. मुलांना काळजी नको म्हणून आया सांगत नाहीत. सर्दीची सेटिरिझिन रोज रात्री चालू आहे का, तेही विचारा. आणि बीपीची गोळी कोणती? ती निफेडिपिन असेल, तर त्यावर असलेल्या रुग्णांत मेलाटोनिननं बीपी वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणून पुढचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवा. अश्वगंधेमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याची आणि थायरॉइडचं प्रमाण वर गेल्याची उदाहरणं आहेत. आईंना थायरॉइडची गोळी असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

डबे फेकू नका. दोन्ही डबे, आतल्या उरलेल्या मालासकट, झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवा आणि डॉक्टरांकडे नेताना तेच न्या. फोटो पुरत नाहीत, कारण बॅच नंबर बहुतेक वेळा तळाशी छापलेला असतो. तक्रार करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या 'Food Safety Connect'वर करता येते. ऑनलाइन खरेदीचं बिल जोडा. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क ग्राहकालाही आहे. फक्त अर्जात नेमकं लिहा की मेलाटोनिनचं प्रमाण आणि गुंगीची औषधं तपासायची आहेत. नुसतं 'तपासा' म्हटलं तर साखर, प्रथिनं आणि जंतू यांचा अहवाल हातात येईल.

हे सगळं निस्तरल्यावरही आईंचा मूळ प्रश्न शिल्लक राहीलच: झोप का लागत नाही? त्या दुपारी किती वेळ पडतात, रात्री लघवीला किती वेळा उठतात, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का आणि ते रात्री घेतात का, घोरताना श्वास अडकतो का, हे मला पत्रात सापडलं नाही. पुढच्या वेळी तेवढं लिहा. महिनोन् महिने चालणाऱ्या निद्रानाशावर मेलाटोनिन हा पहिला उपाय नाहीच. अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शनात त्यासाठी ते न वापरण्याकडेच कल दिलाय. झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत, म्हणजे सीबीटी-आय, आधी करतात आणि पुण्यात ती शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. डॉक्टरांनी तपासून मेलाटोनिनच द्यायचं ठरवलं, तर एकच घटक असलेली, १ किंवा २ मिलिग्रॅमची गोळी मागा आणि किती वाजता घ्यायची ते लिहून घ्या. या औषधात मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची असते.

आणि तुमच्या लेकाचं. अमेरिकेत मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी २०१२ मध्ये ८,३३७ होत्या, त्या २०२१ मध्ये ५२,५६३ झाल्या. बहुतेक मुलं बरी झाली, पण काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. तो गमीचा डबा डायनिंग टेबलावर किंवा फ्रिजच्या दारात असेल तर आत्ता उठून कुलपाच्या कपाटात ठेवा, आणि आईंना सांगा की त्याच्यासमोर ती 'गोळी' म्हणूनच म्हणायची. कधी त्यानं खाल्लीच, तर उलटी करायला लावू नका. डब्यात किती उरल्या ते मोजा, डबा बरोबर घ्या आणि जवळच्या बालरुग्णालयात जा. तो उठवून उठत नसेल किंवा श्वास मंद वाटत असेल, तर १०८.